ऑपरेशनल डेफिनिशन कशी लिहायची: पुण्यातल्या एका वस्तीतल्या रक्तदाबाच्या अभ्यासावरून

ऑपरेशनल डेफिनिशन म्हणजे अभ्यासातली प्रत्येक गोष्ट नेमकी कशी मोजली किंवा विचारली हे सांगणारी व्याख्या. बऱ्याच प्रबंधांत तिचं पान डेटा गोळा झाल्यावर पाठ्यपुस्तकातून उतरवलेलं असतं. ते ओळखूही येतं. व्याख्येत ‘हायपरटेन्शन म्हणजे १४०/९० किंवा त्याहून जास्त’ एवढंच असतं, आणि प्रोफॉर्मात, म्हणजे माहिती भरायच्या फॉर्मात, मात्र रक्तदाबाच्या नोंदीसाठी तीन रकाने असतात. त्या तीन आकड्यांचं पुढे काय केलं, पहिला सोडला की तिन्हींची सरासरी काढली, हे अख्ख्या प्रबंधात कुठेच सापडत नाही. व्हायव्हात परीक्षक नेमकं तेच विचारतात.

पीएसएमच्या, म्हणजे सामाजिक आरोग्य विषयाच्या, रेसिडेंटांसाठी हा लेख एकाच अभ्यासाभोवती लिहितो आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या एखाद्या दाट वस्तीत, कॉलेजच्या अर्बन हेल्थ सेंटरच्या हद्दीत, ३० वर्षांवरच्या माणसांमध्ये हायपरटेन्शन किती, त्यातल्या किती जणांना ते माहीत आहे, किती जण औषध घेतात, किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आहे, आणि तंबाखू व आर्थिक स्तराशी त्याचा संबंध काय, असा विषय समजा.

आधी रिकामे तक्ते काढा

व्हेरिएबलची यादी प्रोफॉर्मावरून करू नका, उद्दिष्टांवरून करा. प्रत्येक उद्दिष्टाखाली निकालाचा जो तक्ता छापला जाणार आहे, तो आत्ताच रिकामा आखा: ओळींची नावं, रकान्यांची नावं, खाली एकूण. त्या तक्त्यात जे जे नाव आलं त्याला व्याख्या हवी. एखादा प्रश्न प्रोफॉर्मात आहे पण कुठल्याच तक्त्यात येत नाही, तर तो प्रश्न काढून टाका. गाइड मॅडम म्हणतील ‘असू दे, कामाला येईल’. सहसा येत नाही, आणि आपण दारात उभे राहून त्या घरातल्या बाईची दहा मिनिटं उगाच खातो.

मग प्रत्येक नावासाठी एकाच कसोटीने लिहायचं: तुमच्या ओळखीचे नसलेले दोन इंटर्न तुमची व्याख्या हातात घेऊन एकाच घरात वेगवेगळ्या वेळी गेले, तर दोघांच्या नोंदीत एकच उत्तर आलं पाहिजे. त्यासाठी व्याख्येत काय मोजलं किंवा कोणत्या शब्दांत विचारलं, कोणत्या काळाबद्दल विचारलं, एकापेक्षा जास्त आकडे आले तर त्यांचा एक कसा केला, आणि कोणत्याच खणात न बसणारा माणूस कुठे टाकला, ही उत्तरं असावी लागतात. यातलं शेवटचं बहुतेक जण विसरतात.

रक्तदाब: व्याख्या आकड्याआधी सुरू होते

कोणता कटऑफ घ्यायचा हा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी १३०/८० धरलं, पण जागतिक आरोग्य संघटनेची स्टेप्स पद्धत, एनएफएचएस-५ आणि भारतातले बहुतेक सर्वेक्षण-अभ्यास १४०/९० वरच आहेत. तुमच्या आकड्याची तुलना त्यांच्याशीच होणार, म्हणून १४०/९० घ्या आणि कारण एका वाक्यात लिहा. निकाल हाती आल्यावर ‘१३० धरलं तर टक्केवारी छान येते’ असं म्हणून कटऑफ हलवायचा नाही. दोन्ही दाखवायचेच असतील तर दुसरा कटऑफसुद्धा सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेवा.

खरी अडचण मोजण्याच्या रीतीत आहे. एका माणसाच्या तीन नोंदी अशा आल्या: १५२/९४, १४२/९०, १३६/८६. स्टेप्सप्रमाणे पहिली नोंद सोडून शेवटच्या दोनची सरासरी घेतली तर १३९/८८ येते, म्हणजे हायपरटेन्शन नाही. तिन्हींची सरासरी घेतली तर १४३.३/९० येते, म्हणजे आहे. माणूस तोच, यंत्र तेच, सकाळही तीच. फक्त व्याख्येतलं एक वाक्य बदललं. पहिली नोंद सहसा जास्त येते, कारण घरात अनोळखी डॉक्टर येऊन बसलेला असतो. म्हणून पहिली सोडणं योग्य आहे, पण ते लिहिलेलं हवं.

पूर्णांकांचंही ठरवा. सरासरी १३९.५ आली तर? ‘सरासरी पूर्णांकात न आणता तशीच वापरली’ एवढं वाक्य पुरतं. नाहीतर एक्सेल परस्पर १४० दाखवेल आणि वर्गीकरण करणारा ते खरं धरेल.

आता वस्तीतल्या घराकडे या. नियम सांगतो की मोजण्याआधी ३० मिनिटांत चहा-कॉफी, तंबाखू आणि श्रमाचं काम झालेलं नसावं. पर्वतीच्या बाजूच्या वस्तीत चढाच्या गल्ल्या आहेत. पाण्याची कळशी घेऊन वर आलेल्या बाईला लगेच बसवून कफ गुंडाळला तर आकडा तिच्या रक्तदाबाचा नसून चढाचा येतो. शिवाय तुम्ही बसलात की चहा येतो, आणि तुमच्यासोबत तीही घेते. म्हणून क्रम ठरवा: आधी संमती, मग ‘गेल्या अर्ध्या तासात काय खाल्लं, प्यायलं, काय काम केलं’ हा प्रश्न, मग घरातल्या माणसांची आणि उत्पन्नाची माहिती, आणि रक्तदाब शेवटी. तोवर विश्रांतीही होते. चहा आलाच तर ‘मोजून झाल्यावर घेऊ, मावशी’ म्हणा. कोणी रागावत नाही. स्टेप्समध्ये मोजण्याआधी १५ मिनिटं शांत बसवायला सांगितलं आहे आणि दोन नोंदींत ३ मिनिटांचं अंतर. स्टेप्सचं नाव घेत असाल तर हे दोन्ही पाळा. पाळता येत नसेल तर ‘स्टेप्सवर आधारित, बदल केलेली पद्धत’ असं म्हणून बदल लिहा.

या सगळ्यावरून लिहिलेली व्याख्या साधारण अशी दिसेल:

> *हायपरटेन्शन:* दंडावरच्या स्वयंचलित यंत्राने, किमान १५ मिनिटं बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात हृदयाच्या पातळीवर असताना, ३ मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या तीन नोंदींपैकी शेवटच्या दोनची सरासरी सिस्टॉलिक १४० किंवा जास्त, किंवा डायस्टॉलिक ९० किंवा जास्त. अथवा रक्तदाब कितीही असला तरी गेल्या दोन आठवड्यांत डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने रक्तदाबासाठी दिलेलं औषध घेतलेलं असणं. एकाच भेटीतली मोजणी असल्याने हा सर्वेक्षणापुरता वर्ग आहे, वैद्यकीय निदान नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. एका भेटीत आकडा वाढलेला दिसला म्हणून त्या माणसाला ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगून निघायचं नसतं. त्याला सेंटरवर पुन्हा मोजायला बोलवायचं असतं, आणि हे एथिक्स कमिटीच्या अर्जातही लिहिलेलं असतं.

माहीत आहे, औषध घेतो, आटोक्यात आहे

इथे व्याख्या एका माणसाची नसते, भागाकाराची असते. समजा तुमच्या नमुन्यात हायपरटेन्शनचे १२० जण निघाले. त्यातल्या ७० जणांना आधीपासून माहीत होतं, ५४ जण औषध घेत होते, आणि त्या ५४ पैकी २४ जणांची सरासरी १४० आणि ९० या दोन्हींच्या खाली होती. आता ‘नियंत्रणाचं प्रमाण’ किती? औषध घेणाऱ्यांत ४४.४ टक्के, सगळ्या हायपरटेन्शनवाल्यांत २० टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण एका प्रबंधातला ४४ दुसऱ्यातल्या २० शेजारी ठेवून चर्चेत ‘आमच्या भागात नियंत्रण जास्त आढळलं’ असं लिहिणारे असतात. म्हणून या तिन्हींच्या व्याख्येत भाजक शब्दांत लिहा. माझं मत विचाराल तर मुख्य आकडा सगळ्या हायपरटेन्शनवाल्यांवर काढा, कारण सेंटरचं काम त्यातून दिसतं. औषध घेणाऱ्यांतला आकडा खाली जोडा.

खणात न बसणारी माणसं इथेच भेटतात. एक काका सांगतात, ‘बीपी होतं, गोळ्या घेत होतो, सहा महिने झाले बंद केल्या.’ मोजल्यावर १२८/८०. वरच्या व्याख्येप्रमाणे ते हायपरटेन्शनमध्ये येत नाहीत, म्हणून ‘माहीत असलेल्यां’तही येत नाहीत, जरी त्यांना माहीत आहे. हे मान्य असेल तर तसं लिहा आणि अशा माणसांची संख्या वेगळी द्या. दुसऱ्या एका ताईंच्या पिशवीत प्रोप्रॅनोलॉल निघते, पण ती अर्धशिशीसाठी दिलेली. गोळीचं नाव पाहून ‘औषध घेते’ असं टिक करायचं नाही; ‘कशासाठी दिली’ हे चिठ्ठीवरून किंवा विचारून ठरवायचं. तिसरी बाई म्हणते, ‘पोटुशी होते तेव्हा बीपी वाढलं होतं.’ फक्त गरोदरपणात सांगितलेलं ‘माहीत आहे’ मध्ये धरायचं नाही, हेही एक वाक्य. सध्या गरोदर असलेल्या बायकांना नमुन्यातून वगळलं असेल तर ते निवडीच्या निकषांत लिहा. व्याख्येत घुसवू नका.

तंबाखू: मिश्रीचा प्रश्न

‘तंबाखूचं सेवन: होय / नाही’ असा रकाना पुण्यात चालत नाही, कारण इथे मिश्री आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड सकाळी दातांना आणि हिरड्यांना लावतात, आणि लावणाऱ्या बहुतेक बायका तिला तंबाखू समजतच नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की तोंडाला पदर लावून ‘नाही बाई’ म्हणतात, आणि मोरीच्या कोनाड्यात डबी असते. तुमच्या व्याख्येत ‘धूरविरहित तंबाखू’ हा शब्द कितीही नीट लिहिलेला असला तरी प्रश्न चुकला की व्याख्या कागदावरच राहते.

म्हणून व्याख्येतच नावं घ्या आणि त्याच नावांनी विचारा: बिडी, सिगारेट, चुन्यासोबत तंबाखू, गुटखा, मावा, मिश्री, तपकीर. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तेवढ्यावरून तो वगळू नका. विचारताना कपाळाला आठ्या नकोत, एवढंच. मिश्रीबद्दल ‘दात कशाने घासता?’ असं विचारणं सर्वांत चांगलं. आधी मंजन, पेस्ट, राख, मिश्री अशी यादी, मग ‘दिवसातून किती वेळा?’ तीन-चार वेळा असं उत्तर आलं की ते दात घासणं नाही हे तुम्हालाही कळतं आणि तिलाही.

काळाचं ठरवताना तुलना कोणाशी करायची ते आधी पाहा. जीएटीएस या तंबाखूच्या सर्वेक्षणात ‘सध्या’ म्हणजे रोज किंवा अधूनमधून, असं विचारतात. दिवसांची मर्यादा नसते. २०१६-१७ च्या जीएटीएसशी तुलना करायची असेल तर त्याचाच प्रश्न घ्या. स्वतःचा विश्लेषणाचा हेतू वेगळा असेल तर ‘गेल्या ३० दिवसांत एकदा तरी’ ही मर्यादा स्पष्ट आहे आणि लोकांना आठवतेही. दोन्ही मिसळून ‘सध्या, म्हणजे गेल्या ३० दिवसांत, रोज किंवा कधीतरी’ असं लिहिलं तर तुलना कशाशीच होत नाही.

आणि एक गोष्ट रक्तदाबाच्या व्याख्येत परत नेऊन टाका. अर्ध्या तासात तंबाखू घेतला नसावा हा नियम मिश्रीलाही लागू आहे. सकाळी आठला वस्तीत गेलात तर नुकतीच मिश्री लावलेल्या बाईचा रक्तदाब तुम्ही मोजत असता, आणि निकोटीन काही वेळ तो वाढवतं. मग मिश्री आणि हायपरटेन्शनचा जो संबंध तक्त्यात दिसतो, त्यातला थोडा तुमच्या भेटीच्या वेळेनेच तयार केलेला असतो. दोन व्हेरिएबलच्या व्याख्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

उत्पन्न: आकड्याआधी माणसं मोजा

आर्थिक स्तरासाठी पुण्यात बी. जी. प्रसाद वर्गीकरण बरेच जण वापरतात. ते १९६१ चं आहे आणि दरडोई मासिक उत्पन्नावर चालतं. मूळ मर्यादा १००, ५०, ३० आणि १५ रुपये अशा आहेत. आजच्या किमतीला आणण्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक लागतो. २०१६ पायाभूत वर्षाच्या मालिकेतला निर्देशांक असेल तर गुणक असा:

```
गुणक = निर्देशांक × 2.88 × 4.63 × 4.93 ÷ 100
```

निर्देशांक १४० धरला तर गुणक ९२.०३ येतो, आणि मर्यादा होतात ९२०३, ४६०२, २७६१ आणि १३८१ रुपये. कोणत्या महिन्याचा निर्देशांक घेतला, तो महिना व्याख्येत लिहा. डेटा वर्षभर चालला तरी एकच महिना धरा. दर महिन्याला मर्यादा बदलल्या तर एकच कुटुंब जूनमध्ये एका वर्गात आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्यात जाईल. कोणीतरी आधीच काढून छापलेला तक्ता जुन्या महिन्याचा असतो. तो तसाच उचलू नका.

गणित इथे संपतं, आणि भानगड सुरू होते. एक घर घ्या. नवरा रिक्षा चालवतो, बायको चार घरची धुणीभांडी करते, सासूबाई घरी असतात, दोन मुलं शाळेत आहेत. मोठा मुलगा चाकणला कंपनीत आहे, तिथेच खोली करून राहतो आणि महिन्याला ३००० रुपये पाठवतो. बायकोला लाडकी बहीण योजनेचे १५०० मिळतात. रिक्षाची मिळकत गॅस आणि हप्ता वजा करून १४,०००, धुणीभांड्याचे ७०००.

सगळं धरलं तर २५,५०० भागिले पाच, म्हणजे दरडोई ५१००: वर्ग दोन. मुलाचे पैसे आणि योजनेचे पैसे सोडले तर २१,००० भागिले पाच, ४२००: वर्ग तीन. आता मुलालाही घरचाच माणूस म्हणून मोजलं पण त्याचा पगार घरात कोणाला नक्की माहीत नाही म्हणून सोडला, तर भाजक सहा होतो आणि आकडा ३५००. बाईने तुम्हाला एक शब्दही खोटा सांगितलेला नाही.

म्हणून आधी ‘कुटुंब’ ठरवा: गेले सहा महिने याच घरात राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. वरच्या घरात मुलगा बाहेर जातो. मग ‘उत्पन्न’: घरातल्या सदस्यांची गेल्या महिन्यातली, धंद्याचा खर्च वजा केलेली मिळकत, अधिक बाहेरून नियमित येणारे पैसे, पेन्शन आणि सरकारी योजनांची रोख रक्कम; कर्ज आणि भिशीचे पैसे नाहीत. योजनेची रक्कम धरावी की नाही यावर मतं वेगळी असू शकतात. मी धरतो, कारण ती दर महिन्याला घरखर्चात जाते. तुम्ही उलटं ठरवलंत तरी चालेल, फक्त सगळ्या घरांना तोच नियम लावा.

नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्यांना ‘महिन्याला किती?’ विचारू नका. ‘कालची मजुरी किती आणि गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळालं?’ असं विचारा, आणि व्याख्येत ‘रोजंदारीसाठी: शेवटच्या दिवसाची मजुरी गुणिले गेल्या महिन्यातले कामाचे दिवस’ असं लिहा. पावसाळ्यात दिवस कमी भरतात, हे मर्यादांच्या भागात येऊ द्या.

बाकीचे, थोडक्यात

वय पूर्ण झालेल्या वर्षांत घ्या. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असेल तर ती बहुधा अंदाजाने टाकलेली असते. अशा वेळी घटनांवरून ताडून पाहा. म्हातारी माणसं ‘पानशेत फुटलं तेव्हा मी चौथीत होते’ असं सांगतात. पूर १२ जुलै १९६१ चा, चौथीतली मुलगी साधारण नऊ वर्षांची, मग जन्म १९५२ च्या आसपास. कोणत्या घटना वापरल्या ते परिशिष्टात द्या. शिक्षणासाठी ‘पूर्ण केलेली शेवटची इयत्ता’ म्हणा. दहावी नापास माणूस नववी पास असतो. लिंग, धर्म यांना लांबलचक व्याख्या लागत नाहीत. ‘उत्तरदात्याने सांगितल्याप्रमाणे’ पुरतं.

प्रत्यक्ष चालवून पाहा

व्याख्या लिहून झाल्या की नमुन्यात न येणाऱ्या शेजारच्या वस्तीत पायलट करा. तुम्ही आणि सेंटरच्या समाजसेविका एमएसडब्ल्यू ताई, दोघांनी त्याच घरांत एकमेकांचं न बघता नोंदी करा, आणि संध्याकाळी बसून जुळवा. दोघांच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा कप्पा हा आकडा काढायला हरकत नाही, पण त्याहून उपयोगी म्हणजे न जुळलेल्या प्रत्येक नोंदीचं कारण शोधणं. मिश्री जुळत नसेल तर प्रश्न बदला. उत्पन्न जुळत नसेल तर बहुधा कुटुंबाची व्याख्या सैल आहे.

रक्तदाबाच्या नोंदी शेवटच्या अंकावरून तपासता येतात. स्वयंचलित यंत्राने शेवटी ० ते ९ हे अंक साधारण सारख्या वेळा यायला हवेत. निम्मे आकडे शून्यावर संपत असतील तर कोणीतरी अंदाजे लिहितं आहे किंवा डोळ्यांनी बघून गोल करतं आहे. मग यंत्राच्या मेमरीतले आकडे प्रोफॉर्माशी ताडून पाहा. आणि १४० च्या जरा खाली गर्दी, १४० ते १४४ मध्ये शुकशुकाट असं दिसलं तर नोंद करणाऱ्याला वर्गीकरणाचा कटऑफ माहीत आहे आणि तो नकळत लोकांना सूट देतो आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे.

प्रबंधात हे सगळं एका तक्त्यात येतं: व्हेरिएबलचं नाव, व्याख्या, प्रोफॉर्मातला प्रश्न क्रमांक, वर्ग, आणि व्याख्या कुठून घेतली. प्रश्न क्रमांकाचा रकाना बरेच जण ठेवत नाहीत. ठेवा, कारण तो भरताना ज्या व्हेरिएबलला प्रश्नच नाही आणि ज्या प्रश्नाला व्हेरिएबलच नाही, ती दोन्ही लगेच उघडी पडतात. ‘माहीत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ यांना मास्टर चार्टमध्ये ९८ आणि ९९ असे वेगळे कोड द्या, आणि विश्लेषणात त्यांचं काय केलं ते त्याच तक्त्याखाली एका ओळीत लिहा. कोरा रकाना सोडला तर सहा महिन्यांनी तो ‘नाही’ होता की विचारायचं राहिलं होतं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

पायलटनंतर काही व्याख्या बदलल्या असतील, तर डेटा सुरू करण्याआधी तो बदल एथिक्स कमिटीला कळवा आणि नव्या प्रोफॉर्मावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख टाका. डेटा अर्धा झाल्यावर बदलावंच लागलं, तर जुन्या नोंदी नव्या व्याख्येत बसवता येतात का ते आधी पाहा. तीन कच्च्या नोंदी लिहून ठेवल्या असतील तर रक्तदाब पुन्हा काढता येतो. फक्त ‘हायपरटेन्शन: होय’ लिहिलं असेल तर त्या घरी परत जावं लागेल.